पहिली पसंती मोजू नका, जोडी टिकेल का ते बघा

मेंटरशिपचा कार्यक्रम आखताना याद्या मागवणं सोपं असतं. प्रत्येक मेंटीने आपल्याला कोण मेंटर हवेत ते क्रमाने लिहायचं, प्रत्येक मेंटरनेही मेंटींची नावं क्रमाने लिहायची. गाडी अडते ती त्या याद्यांवरून जोड्या लावताना. बहुतेक संयोजक तेव्हा जे करतात ते ऐकायला अगदी रास्त वाटतं. आधी सगळ्यांची पहिली पसंती बघायची आणि जमतील त्या जोड्या तिथेच पक्क्या करायच्या. मग उरलेल्यांची दुसरी पसंती, मग तिसरी. शेवटी अहवालात लिहिता येतं की इतक्या टक्के लोकांना पहिली पसंती मिळाली.

या पद्धतीत गडबड नेमकी कुठे होते, ते एका छोट्या उदाहरणावर पाहू. पाच मेंटी आहेत आणि चार मेंटर. राजन सर दोघांना घेऊ शकतात, बाकीचे तिघे प्रत्येकी एकाला. म्हणजे जागाही पाचच. मेंटींच्या याद्या अशा आल्या:

अमृता: सुलभा मॅडम, राजन सर, फिरोज सर, माधवी मॅडम
भूषण: फिरोज सर, सुलभा मॅडम, राजन सर, माधवी मॅडम
चित्रा: राजन सर, सुलभा मॅडम, माधवी मॅडम, फिरोज सर
देवेन: राजन सर, फिरोज सर, माधवी मॅडम, सुलभा मॅडम
ईशा: सुलभा मॅडम, फिरोज सर, राजन सर, माधवी मॅडम

आणि मेंटरांच्या अशा:

राजन सर (दोन जागा): चित्रा, अमृता, देवेन, भूषण, ईशा
सुलभा मॅडम: भूषण, अमृता, ईशा, देवेन, चित्रा
फिरोज सर: ईशा, भूषण, देवेन, अमृता, चित्रा
माधवी मॅडम: अमृता, ईशा, देवेन, चित्रा, भूषण

आता नेहमीची पद्धत लावू. पहिल्या पसंतीत सुलभा मॅडमकडे अमृता आणि ईशा अशा दोघी आल्या. मॅडमच्या यादीत अमृता वर आहे, म्हणून ती जोडी पक्की. भूषण फिरोज सरांकडे पक्का, चित्रा आणि देवेन राजन सरांकडे पक्के. एकटी ईशा उरली. तिची दुसरी पसंती फिरोज सर, पण ती जागा गेली. तिसरी राजन सर, त्याही दोन्ही गेल्या. म्हणून ती माधवी मॅडमकडे, म्हणजे स्वतःच्या यादीत सगळ्यात खाली असलेल्या नावाकडे.

अहवाल झकास दिसतो, पाचपैकी चौघांना पहिली पसंती मिळाली. पण फिरोज सरांची यादी पुन्हा बघा. त्यांनी ईशाला पहिल्या क्रमांकावर लिहिलं होतं आणि त्यांना मिळाला भूषण. इकडे ईशालाही माधवी मॅडमपेक्षा फिरोज सर कितीतरी जास्त हवे होते. दोघं सहज बोलायला बसले की दोघांच्याही लक्षात येणार, आपण एकमेकांना हवे होतो आणि यादीत तसं लिहिलंही होतं. मग ईशा फिरोज सरांकडे जायला लागते, भूषणकडे दुर्लक्ष होतं आणि संयोजकांनी लावलेली जोडी कागदावरच राहते.

आपापल्या वाट्याला आलेल्यांपेक्षा एकमेकांना जास्त पसंत करणाऱ्या अशा मेंटर-मेंटीला आपण ‘फोडणारी जोडी’ म्हणू, कारण ती लावलेल्या जोड्या फोडते. ज्या जुळवणीत अशी एकही फोडणारी जोडी सापडत नाही, ती स्थिर. स्थिर म्हणजे सगळे खूश, असा गैरसमज मात्र नको. एखाद्याला चौथी पसंती मिळूनही जुळवणी स्थिर असू शकते. अट फक्त एवढीच की त्याला जे वरचे मेंटर हवे होते, त्या प्रत्येकाकडे त्याच्यापेक्षा त्यांना जास्त पसंत असलेलं कुणीतरी असायला हवं. नाराजी एका बाजूची असेल तर जोडी फुटत नाही. फुटायला दोघांचं जमावं लागतं.

अशी स्थिर जुळवणी कुठल्याही याद्यांसाठी निघू शकते का? डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी 1962 मध्ये एका छोट्याशा निबंधात दाखवून दिलं की हो, नेहमीच निघते. ती काढायची रीतही त्यांनी दिली. तिचं नाव डिफर्ड ॲक्सेप्टन्स. नेहमीच्या पद्धतीत आणि या रीतीत फरक म्हटलं तर एकाच गोष्टीचा आहे. इथे मेंटर कुणालाही पक्का होकार देत नाही. आलेल्यांपैकी सर्वांत पसंतीच्या माणसाला तो फक्त राखून ठेवतो. पुढे त्याहून पसंतीचं कुणी आलं तर आधीच्याला सोडतो. नकार मात्र कायमचा असतो. नकार मिळालेला मेंटी आपल्या यादीतल्या पुढच्या नावाकडे जातो. नकार मिळालेल्या प्रत्येकाला कुठेतरी जागा मिळाली किंवा त्याची यादी संपली की काम थांबतं, आणि तेव्हा, अगदी शेवटी, राखून ठेवलेले सगळे होकार एकदम पक्के होतात.

याच पाच जणांवर ही रीत चालवू. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर जास्त मजा येईल.

पहिल्या फेरीत सगळे आपापल्या पहिल्या नावाकडे जातात. सुलभा मॅडम अमृताला राखतात आणि ईशाला नकार देतात. फिरोज सर भूषणला राखतात. राजन सर चित्रा आणि देवेन दोघांनाही राखतात. इथपर्यंत सगळं आधीसारखंच, फक्त काहीच पक्कं नाही.

दुसऱ्या फेरीत ईशा फिरोज सरांकडे जाते. मघाशी इथे दार बंद होतं, आता नाही. सर भूषण आणि ईशा यांची तुलना करतात, ईशाला ठेवतात आणि भूषणला सोडतात. तिसऱ्या फेरीत भूषण आपल्या दुसऱ्या नावाकडे, सुलभा मॅडमकडे जातो. त्यांच्या यादीत भूषण सगळ्यात वर आहे, त्यामुळे अमृता सुटते. चौथ्या फेरीत अमृता राजन सरांकडे येते. आता त्यांच्यापुढे तीन नावं आहेत, चित्रा, अमृता, देवेन, आणि जागा दोन. त्यांच्याच क्रमाने चित्रा आणि अमृता राहतात, देवेन सुटतो. पाचव्या फेरीत देवेन फिरोज सरांकडे जातो, पण तिथे ईशा आहे आणि ती त्याच्या वर आहे, म्हणून नकार. सहाव्या फेरीत तो माधवी मॅडमकडे जातो. त्यांच्याकडे अजून कुणीच आलेलं नाही, त्या त्याला ठेवतात. कुणीही उरलं नाही, खेळ संपला.

एकूण दहा वेळा कुणीतरी कुणाचं तरी दार ठोठावलं. हे लांबत जाईल ही भीती नको, कारण एकाच दारावर कुणी दुसऱ्यांदा जात नाही. पाच मेंटी आणि चार मेंटर असतील तर जास्तीत जास्त वीस वेळा, त्याहून जास्त शक्यच नाही. शंभर मेंटी आणि शंभर मेंटर असले तरी दहा हजारांच्या आत काम आटोपतं, आणि तेवढं तर साध्या संगणकाला क्षणाचंही काम नाही. कोण आधी गेलं याचाही निकालावर परिणाम होत नाही. फेऱ्यांनी चालवा किंवा एकेकाला स्वतंत्र सोडा, शेवट तोच येतो.

आता निकालाकडे बघू. चित्राला पहिली पसंती मिळाली. अमृता, भूषण आणि ईशा यांना दुसरी, देवेनला तिसरी. म्हणजे पहिली पसंती मिळालेले चारवरून एकावर आले! संयोजकाला हे पचवणं जड जातं, आणि मला वाटतं बरेच कार्यक्रम याच टप्प्यावर जुन्या पद्धतीकडे परत वळतात. मोजपट्टी चुकीची असली की बरा निकालही वाईट दिसतो. आधीच्या जुळवणीत तिघांना मिळालेली पहिली पसंती ईशाला अडवून मिळालेली होती. ती शेवटच्या क्रमांकावर ढकलली गेली होती, ती फिरोज सरांना नको होती म्हणून नव्हे, तर त्यांची जागा तिचं नाव वाचायच्या आधीच भरून टाकली म्हणून.

निकाल स्थिर आहे का, हे तपासायला वीसच्या वीस जोड्या बघाव्या लागत नाहीत. प्रत्येक मेंटीच्या यादीत, त्याला मिळालेल्या मेंटरच्या वर जी नावं आहेत तेवढीच बघायची. अमृताच्या वर सुलभा मॅडम, भूषणच्या वर फिरोज सर, देवेनच्या वर राजन सर आणि फिरोज सर, ईशाच्या वर सुलभा मॅडम. झाल्या पाच जोड्या. आणि रीत चालवताना झालेले नकारही हेच पाच आहेत. हा योगायोग नाही. मेंटी वरून खाली येतो, त्यामुळे त्याला जास्त हवा असलेला प्रत्येक मेंटर त्याला आधीच नाही म्हणालेला असतो. आणि मेंटर नाही म्हणतो ते हातात त्याहून पसंतीचं कुणी असतं तेव्हाच. त्यानंतर त्याच्या हातातलं माणूस बदललं तरी आणखी पसंतीचंच येतं, कमी पसंतीचं कधीच नाही. म्हणून शेवटी अमृता सुलभा मॅडमकडे जाऊन “आपण दोघी जोडी जमवू या” म्हणाली तरी मॅडमना भूषणला सोडण्यात काहीच मिळत नाही. फोडणारी जोडी तयार व्हायला दुसरा साथीदारच उरत नाही. सिद्धता म्हणतात ती एवढीच.

एक प्रश्न मात्र उरतो आणि तो फार कमी संयोजक विचारतात. दार ठोठावायचं कुणी, मेंटीने की मेंटरने? वरच्या याद्यांवर रीत उलटी चालवून बघितली, म्हणजे मेंटरांना विचारायला लावलं, तरी हीच जुळवणी निघते, कारण त्या याद्यांना स्थिर जुळवणी एकच आहे. पण नेहमी तसं नसतं. चारच माणसांचं उदाहरण घ्या. गौरीला नंदिनी मॅडम पहिल्या हव्यात, हर्षला वसंत सर. पण नंदिनी मॅडमना हर्ष जास्त हवा आहे आणि वसंत सरांना गौरी. मेंटींनी विचारलं तर गौरी नंदिनी मॅडमकडे आणि हर्ष वसंत सरांकडे, एकाच फेरीत संपलं. दोन्ही मेंटींना पहिली पसंती, दोन्ही मेंटरांना दुसरी. मेंटरांनी विचारलं तर नेमकं उलटं. दोन्ही जुळवण्या स्थिर आहेत, कारण प्रत्येक वेळी एक बाजू पूर्ण समाधानी असते आणि ती जागची हलायला तयार नसते.

प्रत्येक वेळी एक बाजू इतकी पूर्ण समाधानी असेलच असं नाही, पण पुढची गोष्ट नेहमीच खरी असते. जी बाजू विचारते, तिच्यातल्या प्रत्येकाला स्थिर जुळवण्यांमधून मिळू शकणारं सगळ्यात चांगलं मिळतं. समोरच्या बाजूला त्यातलं सगळ्यात कमी पसंतीचं मिळतं. म्हणजे “कोण विचारणार” ही संगणकाची तांत्रिक बाब नाही, कार्यक्रम कुणासाठी आहे याचा तो निर्णय आहे. अमेरिकेत नव्या डॉक्टरांची रुग्णालयांशी जुळवणी 1952 पासून मध्यवर्ती पद्धतीने होते. अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ यांनी 1984 मध्ये दाखवलं की ती पद्धत मुळात हीच आहे आणि तीत विचारणारी बाजू रुग्णालयांची आहे. म्हणजे गेल आणि शॅप्ली यांनी लिहायच्या दहा वर्षं आधीपासून ती वापरात होती, फक्त वापरणाऱ्यांना तिचं गणित माहीत नव्हतं. पुढे रॉथ यांच्याच मदतीने ती नव्याने बांधली गेली आणि 1998 पासून उमेदवार डॉक्टर विचारणाऱ्या बाजूला आले. 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळालं. गेल तोवर हयात नव्हते.

मेंटरशिपच्या कार्यक्रमात मेंटींनीच विचारावं, असं माझं मत आहे. कारण फक्त आपुलकीचं नाही. विचारणाऱ्याला एकच जागा हवी असेल, जशी मेंटीला असते, तर त्याला खोटं लिहून काहीच फायदा होत नाही. नेहमीच्या पद्धतीत ईशाला कुणी आधीच कानात सांगितलं असतं की सुलभा मॅडमकडे गर्दी आहे, तर तिने फिरोज सरांचं नाव पहिलं लिहिलं असतं आणि ती जागा मिळवली असती. म्हणजे तिथे खरं लिहिणारा मागे पडतो आणि वारा ओळखणारा पुढे जातो. नव्याने आलेल्या मेंटीला वारा कुठून कळणार? डिफर्ड ॲक्सेप्टन्समध्ये मेंटीला अशी चतुराई लागत नाही. “अवघड नाव वर लिहिलं तर खालची जागा हातची जाईल” ही भीतीच निराधार ठरते, कारण वरून नकार घेऊन आलेल्याला खालच्या दारावर उशीर झाला म्हणून कुणी परत पाठवत नाही. याद्या मागवताना ही एक ओळ सूचनेत ठळक लिहावी. नाहीतर लोक सवयीने जुनेच डाव टाकतात.

मेंटरांच्या बाजूने मात्र डाव शक्य असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. गौरी-हर्षचंच उदाहरण घ्या. नंदिनी मॅडमनी यादीतून गौरीचं नावच काढून टाकलं, “ती मला चालणार नाही” म्हणून, तर काय होतं? गौरीला नकार मिळतो, ती वसंत सरांकडे जाते, ते तिला ठेवून हर्षला सोडतात आणि हर्ष नंदिनी मॅडमकडे येतो. मॅडमना हवा होता तोच माणूस मिळाला. पण यासाठी त्यांना बाकी तिघांच्या याद्या माहीत असाव्या लागतात. अंदाज चुकला तर जागा रिकामी राहण्याचीच शक्यता जास्त. म्हणून याद्या शेवटपर्यंत कुणालाही दाखवू नयेत. आणि मेंटरांना विचारणाऱ्या बाजूला बसवलं की प्रश्न मिटेल, असंही नाही. ज्याच्याकडे एकाहून जास्त जागा आहेत, त्याला खरं लिहिणंच नेहमी फायद्याचं ठरेल अशी हमी देणारी स्थिर पद्धत अस्तित्वातच नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

प्रत्यक्षात डाव टाकणाऱ्यांपेक्षा जास्त त्रास देतात त्या तोकड्या याद्या. समजा देवेनने फक्त राजन सर आणि फिरोज सर अशी दोनच नावं लिहिली. बाकी सगळं तसंच. पाचव्या फेरीपर्यंत काहीच बदलत नाही, पण फिरोज सरांनी नकार दिल्यावर त्याची यादी संपते. तो बाहेर राहतो आणि माधवी मॅडमची जागा रिकामी राहते. अशा वेळी कुणीतरी सुचवतंच की दुसऱ्या प्रकारे चालवून बघा, कुठेतरी बसेल. नाही बसणार. काटेकोर क्रम लावलेल्या याद्या तशाच ठेवल्या तर प्रत्येक स्थिर जुळवणीत तेच लोक बाहेर राहतात आणि त्याच मेंटरकडे तेवढ्याच जागा रिकाम्या राहतात. रॉथ यांनी हे 1986 मध्ये सिद्ध केलं, ग्रामीण भागातल्या रुग्णालयांच्या जागा रिकाम्या का राहतात या प्रश्नाच्या निमित्ताने. उपाय जुळवणीत नाही, यादी मागवण्यात आहे. मेंटींना किमान पाच-सहा नावं लिहायला लावणं, आणि ज्यांची नावं कुणीच लिहीत नाही त्या मेंटरांची ओळख याद्या भरण्याआधी करून देणं, यांचा उपयोग होतो. त्यानंतरही कुणी उरलं तर रिकाम्या मेंटरशी आणि त्या मेंटीशी बोलून हाताने जोडी लावावी. त्याने बाकीच्या जोड्यांना धक्का लागत नाही.

आणखी एक अडचण मेंटरांच्या याद्यांत हमखास येते. वीस मेंटींना एक ते वीस क्रमांक देणं कुणालाच मनापासून जमत नाही. पहिले तीन ठरतात, शेवटचे दोन ठरतात, मधले सगळे सारखेच वाटतात. सक्तीने क्रम मागितला तर मेंटर फॉर्ममध्ये नावं ज्या क्रमाने दिसतात तसेच आकडे टाकतात, म्हणजे आडनावाच्या आद्याक्षरावर जुळवणी ठरते. हे ओळखता येतं. दोन-तीन मेंटरांच्या याद्यांचा मधला भाग अगदी सारखा आणि तोही अकारविल्हे दिसला की समजावं. त्यापेक्षा मेंटरांना ‘नक्की हवेत’, ‘चालतील’, ‘नकोत’ असे तीन गट करू द्यावेत आणि गटाच्या आतला क्रम चिठ्ठ्या टाकून लावावा. चिठ्ठ्या जुळवणीच्या आधी टाकाव्यात, त्यांची नोंद ठेवावी, आणि निकाल आवडला नाही म्हणून पुन्हा टाकू नयेत. जुळवणी तरीही स्थिर राहते, कारण कुणाला सारखेच वाटणारे दोघं अदलाबदल झाले म्हणून कुणी जोडी फोडायला निघत नाही. फक्त एक फरक लक्षात ठेवावा. बरोबरीची नावं आणि तोकड्या याद्या एकत्र आल्या की किती जणांना जागा मिळते, हे चिठ्ठ्यांवर अवलंबून राहू लागतं आणि आधी सांगितलेली हमी तिथे चालत नाही.

थेट वरिष्ठ आणि त्याचा कनिष्ठ, किंवा जवळचे नातेवाईक, अशा जोड्या नको असतील तर त्या निकाल लागल्यावर हाताने तोडू नयेत. तोडलेल्या दोघांना बसवायला तिसऱ्याला हलवावं लागतं आणि तिथूनच फोडणाऱ्या जोड्या सुरू होतात. रीत चालवण्याआधी दोघांच्याही यादीतून एकमेकांची नावं काढायची, बस्स. उरलेल्या नावांवर रीत नेहमीसारखी चालते.